सीरियल इंटरव्हल अधिशयन काळापेक्षा लहान कसा असू शकतो? आणि त्याचा ‘आर’शी काय संबंध?

प्रश्न: मॅडम, मी सार्वजनिक आरोग्याच्या पहिल्या वर्षाला आहे. आर, अधिशयन काळ आणि सीरियल इंटरव्हल या तिन्हींच्या व्याख्या पाठ आहेत, पण अधिशयन काळ आणि सीरियल इंटरव्हल मला एकच वाटतात. कोविडच्या एका पेपरात सीरियल इंटरव्हल चार दिवस आणि अधिशयन काळ पाच दिवस दिलाय. हे शक्य कसं? आणि साथीच्या यादीवरून आर काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

शक्य आहे, आणि कोविडची सगळी कटकट त्या एका दिवसाच्या फरकात होती. पण कोविडपासून सुरुवात केली तर गोंधळ वाढेल, म्हणून आधी 1846 सालात जाऊ. तिथे घड्याळ जास्त स्वच्छ दिसतं.

उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर 1781 नंतर गोवर आलाच नव्हता. 1846 च्या मार्चअखेरीस कोपनहेगनहून एक सुतार जहाजाने तिथे उतरला आणि एप्रिलच्या सुरुवातीला त्याला गोवर निघाला. बेटांवर माणसं होती 7,782. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या सुमारे सहा हजार जणांना गोवर झाला. डेन्मार्क सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या डॉक्टरांत पीटर पानुम हा पंचविशीतला तरुण होता. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती आणि विषाणू ही कल्पनाच अजून जन्मली नव्हती. त्याच्याकडे होती ती फक्त तारखांची वही.

त्या वहीतली एक नोंद मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्योर्नुविक गावचे दहा पुरुष एका होडीतून 4 जूनला वेस्तमन्ना इथे देवमाशांच्या शिकारीला गेले. 18 जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. मग गावात काही दिवस सामसूम. 18 जूनपासून 12 ते 16 दिवसांनी उरलेल्या गावापैकी बहुतेकांना पुरळ आलं.

आता यातली दोन अंतरं वेगळी करा. 4 जून ते 18 जून हे अंतर एकाच माणसाच्या शरीरातलं आहे. लागण झाली त्या क्षणापासून त्याच माणसाला आजाराचं चिन्ह दिसेपर्यंत गेलेले ते चौदा दिवस. हा अधिशयन काळ. 18 जूनपासून गावकऱ्यांच्या पुरळापर्यंतचं अंतर मात्र दोन माणसांमधलं आहे. लागण देणाऱ्याचं पुरळ ते लागण घेणाऱ्याचं पुरळ. हा सीरियल इंटरव्हल. पहिल्याची एक बाजू लागण आहे आणि दुसरी लक्षण. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना लक्षणच आहे, लागण कुठेच नाही.

इथे दोन्ही अंतरं साधारण सारखी आल्यामुळेच तुम्हाला ती एकच वाटतात. ती सारखी आली याला कारण आहे. त्या दहा जणांनी गावकऱ्यांना लागण दिली ती पुरळ उठण्याच्या आसपास. ज्या दिवशी मला लक्षण आलं त्याच दिवशी मी तुम्हाला लागण दिली, तर तुमचं लक्षण येईल तुमच्या अधिशयन काळाइतक्या दिवसांनी. मग सीरियल इंटरव्हल आणि अधिशयन काळ सारखेच निघणार. म्हणजे या दोन आकड्यांची तुलना केली की एक गोष्ट परस्पर कळते: माणूस दुसऱ्याला लागण देतो ती स्वतः आजारी दिसण्याआधी की नंतर. मी जर लक्षणानंतर चार दिवसांनी लागण दिली, तर सीरियल इंटरव्हल चार दिवसांनी लांबतो. लक्षणाआधी दोन दिवस दिली, तर दोन दिवसांनी आखूड होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बाकी सगळं त्याचे परिणाम.

पानुमला वाटलं की गोवर पुरळ उठतानाच सगळ्यांत जास्त पसरतो. आज आपल्याला माहीत आहे की गोवराचं मूल पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून ते पुरळानंतर चार दिवसांपर्यंत लागण देऊ शकतं. पुरळाआधीच्या दिवसांत त्याला ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल होणं चालू असतं, आणि खोकल्यामुळेच फैलाव होतो. म्हणून घराघरांतल्या नोंदींत गोवराचा सीरियल इंटरव्हल अकरा-बारा दिवस सापडतो, चौदा नाही. हा दोन-तीन दिवसांचा फरक चूक नाही, ती माहिती आहे.

इथे एक छोटा खड्डा आहे. गोवराचा अधिशयन काळ काही पुस्तकांत दहा दिवस आणि काहींत चौदा दिवस दिलेला असतो. दहा दिवस तापापर्यंतचे, चौदा पुरळापर्यंतचे. दोन्ही बरोबर. पण एकीकडून तापापर्यंतचा आकडा उचलायचा, दुसरीकडून पुरळ-ते-पुरळ सीरियल इंटरव्हल घ्यायचा आणि वजाबाकी करायची, हा प्रकार मी दर परीक्षेत बघते. दोन्हीकडे एकच लक्षण धरा.

आता कोविड. तीन तारखा घ्या. समजा सुनीताला 1 तारखेला लागण झाली आणि 6 तारखेला ताप आला. 4 तारखेला, म्हणजे धडधाकट वाटत असतानाच, तिने शेजारच्या रमेशला लागण दिली. रमेशलाही अधिशयन काळ पाचच दिवसांचा लागला, त्याला 9 तारखेला ताप आला. सीरियल इंटरव्हल: 6 ते 9, तीन दिवस. दोघांचा अधिशयन काळ पाच दिवसांचा असून मधलं अंतर तीन. यात कुठेही जादू नाही.

अजून पुढे जाऊ. सुनीताने रमेशला 3 तारखेलाच लागण दिली आणि रमेशच्या शरीरात विषाणू जरा लवकर वाढला, दोन दिवसांतच. त्याला ताप आला 5 तारखेला. सुनीताला आला 6 ला. सीरियल इंटरव्हल उणे एक दिवस! नवीन मुलांना इथे वाटतं की गणित चुकलं, आणि ते यादीत दोघांची अदलाबदल करतात, म्हणजे रमेशने सुनीताला दिली असं दाखवतात. तसं करू नका. 2020 च्या सुरुवातीला चीनमध्ये हुबेई प्रांताबाहेरच्या 468 जोड्यांचा जो अभ्यास झाला, त्यात 59 जोड्यांत घेणारा देणाऱ्याच्या आधी आजारी पडला होता. सरासरी सीरियल इंटरव्हल आला जेमतेम चार दिवस. तुम्ही वाचलेला आकडा बहुधा हाच. त्याच सुमारास निघालेला अधिशयन काळाचा मध्यक होता पाच दिवसांच्या थोडा वर.

याची तुलना 2003 च्या सार्सशी करून बघा, म्हणजे या दोन आकड्यांचा उपयोग काय ते दिसेल. सार्सचा अधिशयन काळही सरासरी पाच दिवसांच्या आसपास. पण सिंगापूरच्या नोंदींवरून काढलेला सीरियल इंटरव्हल होता 8.4 दिवस. म्हणजे माणूस लागण देत होता तो आजारी पडल्यावर, सरासरी तीन-चार दिवसांनी, जेव्हा तो बहुधा रुग्णालयात झोपलेला असे. म्हणून ताप आलेल्याला लगेच वेगळं ठेवलं की साखळी तुटत होती. सार्सचा आर, म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा, तीनच्या आसपास होता, कोविडच्या सुरुवातीच्या आरपेक्षा फार कमी नव्हे. तरीही 5 जुलै 2003 ला जागतिक आरोग्य संघटनेने साथ आटोक्यात आल्याचं जाहीर केलं, लस नसताना, औषध नसताना. कोविडमध्ये तापमापक घेऊन दारात उभं राहण्याचा उपयोग मर्यादितच होता, कारण दारातून आत जाणारा माणूस उद्या तापणार होता आणि लागण आज देत होता. अशा रोगात लक्षणांची वाट न पाहता संपर्कातल्या निरोगी दिसणाऱ्या माणसालाच थांबवावं लागतं. रुग्णाचं विलगीकरण आणि संपर्कातल्यांचं क्वारंटाईन यांतला फरक कागदावर पुसट वाटतो. तो या दोन अंतरांतून येतो.

क्वारंटाईन किती दिवसांचा, हे मात्र सरासरीवरून ठरत नाही. कोविडचा मध्यक पाच दिवसांचा, मग क्वारंटाईन चौदा दिवस का, असं 2020 मध्ये लोक आम्हाला चिडून विचारायचे. मध्यक पाच म्हणजे निम्मी माणसं पाच दिवसांनंतर आजारी पडणार. आपल्याला पकडायची असते ती शेपटी. त्या वेळच्या अंदाजानुसार ज्यांना लक्षणं येणार त्यांतल्या 97.5 टक्क्यांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येत होती. चौदा दिवसांत ही शेपटी जवळजवळ सगळी बसते. इबोलात साथ संपल्याचं जाहीर करायला 42 दिवस थांबतात तेही असंच आहे: कमाल अधिशयन काळ 21 दिवस, त्याची दुप्पट. म्हणून कुणी तुम्हाला अधिशयन काळ एकाच आकड्यात सांगितला, तर पुढचा प्रश्न विचारा: हा मध्यक आहे की कमाल?

आता आर. आर म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो. कुणाचीच प्रतिकारशक्ती नाही अशा लोकवस्तीतला हा आकडा म्हणजे आर-नॉट. प्रत्यक्षात, आजच्या दिवशी, काही जण लसवंत, काही घरात बसलेले, अशा स्थितीतला आकडा म्हणजे चालू आर. तुम्हाला फील्डवर आर-नॉट कधीच भेटत नाही, चालू आर भेटतो. फॅरोसारखी कोरी पाटी क्वचितच मिळते, आणि तीही पूर्ण कोरी नव्हती. 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या तिथे अजून हयात होत्या आणि पानुमने लिहून ठेवलंय की त्यांतल्या एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. पासष्ट वर्षांनंतरही!

गोवराचा आर-नॉट 12 ते 18 सांगतात. पंधरा धरा. गावात नव्वद टक्के मुलं सुरक्षित असतील तर उरलेल्या दहा टक्क्यांतच लागण होऊ शकते, म्हणून चालू आर पंधराच्या दहा टक्के, म्हणजे दीड. एकच्या वर आहे, साथ चालू राहणार. तो एकच्या खाली आणायला पंधरातले चौदा जण सुरक्षित हवेत, म्हणजे 93 टक्के. आर-नॉट अठरा धरला तर साडेचौऱ्याण्णवच्या जवळ. गोवराच्या लसीचं 95 टक्क्यांचं उद्दिष्ट तुम्ही भिंतीवरच्या पोस्टरवर पाहिलं असेल, ते या भागाकारातून आलंय. मात्र ही सरासरी फसवी असते. तालुक्याचं लसीकरण 90 टक्के आणि त्यातल्या एका वस्तीचं 50 टक्के, तर त्या वस्तीत आर दीड नाही, साडेसात आहे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ गोवंडीच्या दाट वस्तीतून वर आली, ती अशाच ठिकाणी. गोवर शहराच्या सरासरीत पसरत नाही, गल्लीत पसरतो.

यादीवरून आर काढायचा कसा, ते एका बनवलेल्या उदाहरणाने सांगते. वर्गात देते तीच वाडी. 17 फेब्रुवारीला वाडीतली दोन मुलं बाहेरगावी एका लग्नाला गेली. एकाला 2 मार्चला पुरळ आलं, दुसऱ्याला 3 मार्चला. मग 11 ते 16 मार्चच्या दरम्यान आठ मुलांना. मग 23 ते 28 मार्चच्या दरम्यान सहा मुलांना. मग कुणाला नाही.

पहिला सापळा पहिल्या दोन ओळींतच आहे. 2 मार्च आणि 3 मार्च. घाईत लिहिणारा म्हणतो, पहिल्याने दुसऱ्याला दिला, सीरियल इंटरव्हल एक दिवस. पण 17 फेब्रुवारीपासून मोजा: तेरा आणि चौदा दिवस. दोघांनी एकाच लग्नात लागण घेतली. ते एकाच पिढीतले भाऊ आहेत, बाप-लेक नाहीत. एक-दोन दिवसांच्या अंतराच्या जोड्या दिसल्या की आधी हाच संशय घ्या. उलट बाजूलाही तसंच. 2 मार्चची जोडी कुणी थेट 26 मार्चशी लावली तर अंतर येतं 24 दिवस. गोवरात एवढं अंतर म्हणजे मधला एक रुग्ण तुमच्या यादीतून सुटलाय किंवा तुम्ही तो ओलांडलाय. ही दोन्ही प्रकारची चूक ओळखायला आधी त्या रोगाचा सीरियल इंटरव्हल साधारण माहीत असावा लागतो. इथे तो अकरा-बारा दिवस माहीत असल्यामुळेच आपण यादीकडे पाहून पिढ्या पाडू शकलो.

पिढ्या पाडल्या की आर सोपा आहे. दोघांनी आठ जणांना दिला: आर चार. आठांनी सहा जणांना दिला: आर पाऊण. आता इथे माझे विद्यार्थी लिहितात, ‘दुसऱ्या पिढीत विषाणूची ताकद कमी झाली.’ विषाणू तोच आहे. वाडीत लस न घेतलेली मुलं संपत आली, मधे आशाताईंनी घरोघर जाऊन मुलं गोळा केली आणि नर्सताईंनी लस दिली, शाळा आठवडाभर बंद राहिली. आर हा विषाणूचा गुण नाही, विषाणू आणि माणसं यांच्या त्या वेळच्या व्यवहाराचा हिशेब आहे. त्योर्नुविकमध्ये दहा जणांनी जवळजवळ सगळं गाव आजारी पाडलं. तिथे आर किती होता हे गोवराने ठरवलं नाही, गावात माणसं किती उरली होती त्याने ठरवलं.

शिवाय हा चार सरासरी चार आहे. त्या दोन मुलांतलं एक घरातच पडून राहिलं असेल, तिथे एकालाच दिला असेल, आणि दुसरं शाळेत जाऊन सात जणांना देऊन आलं असेल. सार्समध्ये हे फार ठळक होतं: बहुतेक रुग्णांनी कुणालाच लागण दिली नाही आणि मोजक्या काहींनी डझनावारी दिली. आर तीनच. गोळाबेरीज सारखी आली तरी अशा दोन साथींशी लढण्याची पद्धत वेगळी असते.

वाडीत पिढ्या वेगळ्या दिसल्या, शहरात दिसत नाहीत. तिथे रोज शेकडो नोंदी येतात, कुणी कुणाला दिलं ते कळत नाही. तिथे आपल्याला दिसतो फक्त वेग, म्हणजे रुग्ण किती दिवसांत दुप्पट होतात. आणि वेगावरून आर काढायचा तर सीरियल इंटरव्हल लागतोच. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे सुटतो. समजा रुग्ण दर पाच दिवसांनी दुप्पट होताहेत. रोगाचा सीरियल इंटरव्हल पाच दिवस असेल, तर एका पिढीत दुप्पट, म्हणजे आर दोन. तोच आलेख, तेच रुग्ण, पण सीरियल इंटरव्हल अकरा दिवस असेल तर? एका पिढीला अकरा दिवस लागले आणि तेवढ्यात रुग्ण दोनदाहून जास्त वेळा दुप्पट झाले. मग आर साडेचारच्या वर जातो.

```
R = 2^(T/D)

T = 5,  D = 5   ->  R = 2.0
T = 11, D = 5   ->  R = 4.6
```

इथे टी म्हणजे सीरियल इंटरव्हल आणि डी म्हणजे दुप्पट व्हायला लागलेले दिवस. या सूत्रात गृहीत धरलंय की प्रत्येक जोडीतलं अंतर बरोबर तेवढंच आहे. प्रत्यक्षात अंतरं मागेपुढे पसरलेली असतात. खूप पसरलेली असली तर लवकर लागण देणारे थोडे जण वाढीचा वेग ओढून नेतात, आणि तेवढ्याच वेगासाठी आर कमी पुरतो. अकरा दिवसांच्या त्याच सरासरीला, पसरटपणाचा टोकाचा अंदाज धरला तर, 4.6 च्या जागी अडीचच येतो. म्हणून कुणी आर सांगितला की त्यासाठी कोणता सीरियल इंटरव्हल वापरला, आणि तो किती पसरलेला धरला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला मी हात लावत नाही. 2020 मध्ये एकाच शहराचे दोन गटांनी काढलेले आर वेगळे यायचे आणि टीव्हीवर भांडणं व्हायची. बऱ्याचदा रुग्णसंख्या दोघांची एकच असायची, टी वेगळा असायचा.

टी सुद्धा स्थिर राहत नाही, हे पहिल्या वर्षाला कुणी सांगत नाही. चीनमध्ये जानेवारी ते फेब्रुवारी 2020 या एका महिन्यात कोविडचा सीरियल इंटरव्हल 7.8 दिवसांवरून 2.6 दिवसांवर आला. विषाणू तोच होता. रुग्णाला लक्षण आल्याबरोबर उचलून वेगळं ठेवायला लागल्यावर उशिरा होणाऱ्या लागणी बंद झाल्या. उरल्या त्या फक्त लवकर झालेल्या, लक्षणाआधीच्या. म्हणून अंतरं आखूड झाली. आता जर त्या महिन्यातला आखूड सीरियल इंटरव्हल कुणी विलगीकरण नसलेल्या दुसऱ्या देशात वापरला, तर तिथला आर खोटा कमी निघेल. गंमत अशी की तुम्ही वाचलेला चार दिवसांचा आकडाही त्याच काळातल्या जोड्यांचा आहे. तो चुकीचा नाही, पण त्याच्यावर त्या काळाचा शिक्का आहे.

याच जातीची आणखी एक चूक साथ चढत असताना होते. आज दहावा दिवस आहे आणि तुम्ही जोड्या गोळा करताय. ज्यांना लवकर लक्षणं आली तेच तुम्हाला दिसताहेत. ज्यांना पंधराव्या दिवशी येणार ते अजून निरोगी म्हणून फिरताहेत. त्यामुळे चढत्या साथीत काढलेले अधिशयन काळ आणि सीरियल इंटरव्हल दोन्ही आखूड निघतात. उपाय सोपा पण कंटाळवाणा: पुरेसे दिवस उलटून गेलेल्या जुन्या रुग्णांच्याच जोड्या धरा आणि अलीकडच्या थांबवून ठेवा.

आता तारखांबद्दल, कारण माझ्या मते बहुतेक आर तिथेच बिघडतात, सूत्रात नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातल्या गोवराची यादी घेऊन एक हुशार इंटर्न माझ्याकडे आला. त्याने सीरियल इंटरव्हल काढला होता बरोबर सात दिवस, आणि आलेखही देखणा होता, दर आठवड्याला एक टोक. सात दिवसांचा गोवर मी ऐकला नव्हता. रजिस्टर उघडलं तर सगळ्या नोंदी मंगळवारच्या. मंगळवारी तिथला आठवडी बाजार. लोक बाजाराला यायचे, येताना पोरगं दवाखान्यात दाखवायचे. त्याने बाजारांमधलं अंतर मोजलं होतं!

मग आम्ही दोघं वाडीत गेलो. आयांना तारीख विचारली तर कुणाला सांगता येत नाही, पण ‘धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अंग भरलं’ हे पक्कं आठवतं. ‘पाहुणे आले त्या रात्री ताप, मग तिसऱ्या दिवशी कानामागे लाल’ हेही. गोवराचं पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरतं, म्हणून ‘अंगावर पुरळ कधी दिसलं’ असं न विचारता ‘कानामागे कधी दिसलं’ असं विचारलं की उत्तर एक-दोन दिवसांनी अचूक होतं. धुळवड, अमावास्या, शाळेचा पेपर, लाइट गेली ती रात्र, अशा खुंट्यांवर तारखा टांगून आम्ही यादी पुन्हा लिहिली. टोकं विस्कटली, आणि पुरळ-ते-पुरळ अंतरांचा मध्य बाराच्या जवळ आला.

पानुमला नेमका हाच फायदा मिळाला होता. खेडी एकमेकांपासून तुटलेली, होडीशिवाय जाणं-येणं नाही, आणि शिकारीचा दिवस कुणी विसरत नाही. लागणीची तारीख इतकी धारदार क्वचित मिळते. आपल्याकडे लग्न, दशक्रिया, जत्रा, बसचा प्रवास अशा एकदाच घडलेल्या संपर्कांवर अधिशयन काळ काढावा. एकाच घरात रोज एकत्र झोपणाऱ्या दोन भावंडांवरून तो काढता येत नाही, कारण लागण कोणत्या रात्री झाली ते सांगणार कोण? त्या जोडीवरून सीरियल इंटरव्हल मात्र छान निघतो, त्याला लागणीची तारीख लागतच नाही. आर काढताना अधिशयन काळापेक्षा सीरियल इंटरव्हल जास्त वापरात का दिसतो, त्याचं कारणही हेच. तत्त्वतः आपल्याला हवं असतं लागण-ते-लागण अंतर. पण लागण कुणाला दिसत नाही, ताप दिसतो.

तुमच्या पहिल्या फील्ड-पोस्टिंगला यादी करायची वेळ आली तर लक्षण सुरू झाल्याची तारीख, तपासणीची तारीख आणि नोंदीची तारीख असे तीन वेगळे रकाने ठेवा, आणि संपर्काच्या रकान्यात नावाबरोबर ‘कुठे, कधी’ लिहा. नोंदीची तारीख काढून टाकू नका. लक्षण ते नोंद हा उशीर किती दिवसांचा आहे तेही लागतं. समजा तो सरासरी आठ दिवसांचा निघाला, तर लक्षणांच्या तारखेवर काढलेल्या आलेखात शेवटचे आठ-दहा दिवस नेहमी उतरतेच दिसणार, साथ चढत असली तरीही, कारण ते रुग्ण अजून रजिस्टरपर्यंत पोचलेलेच नसतात. मी आलेखाचा तेवढा तुकडा करड्या रंगात काढते, आणि बैठकीत कुणी त्या उतारावर बोट ठेवून ‘आर एकच्या खाली आला ना?’ असं विचारलं की पुढच्या आठवड्याची यादी येऊ द्या म्हणते.